ताळेबंदातल्या दोन ओळी आणि चपलांच्या दुकानाचा जुना करार

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. माणूस आणि कंपनी ओळखू येऊ नयेत म्हणून गाव, नावं आणि कंपनीचे आकडे बदलले आहेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र जपलं आहे.

काकांचं चपला-बुटांचं दुकान होतं. बाजारपेठेतला गाळा स्वतःचा, आणि पुढे एसटी स्टँडजवळ भाड्याच्या जागेत एक शाखा. मुलांना धंद्यात रस नव्हता. साठी उलटल्यावर काकांनी शाखा बंद केली, मुख्य गाळा विकला आणि आलेल्या पैशातला बराच भाग शेअर बाजारात घातला. पहिली मोठी खरेदी पादत्राणांच्याच एका नोंदणीकृत साखळी कंपनीची होती. 'माल कळतो, गिऱ्हाईक कळतं, लग्नसराईत काय होतं तेही कळतं' हा त्यांचा हिशेब. मी त्यांच्या दुकानाची विवरणपत्रं भरायचो, त्यामुळे शेअर्सबद्दलही विचारायला ते माझ्याकडेच आले.

कंपनीने मराठी भागधारकांसाठी वार्षिक अहवालाची अनुवादित प्रत काढली होती. काकांनी ती खरोखर वाचली होती, पेन्सिलीने खुणा करून. एका पानावर दोन ओळींभोवती गोल काढले होते: 'वापर-हक्क मालमत्ता, ३१० कोटी' आणि 'भाडेपट्टा दायित्व, ३५५ कोटी'. शेजारी लिहिलं होतं, 'बँकेचं कर्ज फक्त ४०!'

अडचण

काकांचा अर्थ सरळ होता. कंपनीने ३५५ कोटींचं भाडं थकवलंय, आणि तारण म्हणून दाखवायला ३१० कोटींच्या जागा आहेत. म्हणजे ४५ कोटींचा खड्डा. दुसऱ्या दिवशी सगळे शेअर्स विकायचे, एवढं ठरवूनच ते आले होते.

या गैरसमजाला अनुवादाचाही हातभार होता. ताळेबंदात 'भाडेपट्टा दायित्व' असलेली रक्कम मागे टिपांमध्ये एके ठिकाणी 'भाडे देणी' अशी छापली होती. दुकानदाराच्या लेखी देणी म्हणजे तारीख उलटून गेलेली, समोरचा मागायला येणार अशी रक्कम. 'मालमत्ता' म्हटल्यावर तर सातबारा किंवा खरेदीखतच डोळ्यांपुढे येणार.

पण खरी अडचण शब्दांच्या पलीकडची होती. काकांनी आयुष्यभर जे हिशेब पाहिले त्यात भाडं हा फक्त खर्च होता. महिना भरला, भाडं दिलं, खर्ची टाकलं. पुढच्या महिन्याचं भाडं आजच्या वहीत कुठेच नाही. एका मालकाच्या दुकानाला अजूनही तेच लागू आहे. शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या बहुतेक कंपन्यांना मात्र १ एप्रिल २०१९ पासून भारतीय लेखा मानक ११६ लागू झालं. त्यानुसार भाडेकरू कंपनीला कराराच्या उरलेल्या मुदतीत जे भाडं द्यायचं आहे, त्याचं आजचं मूल्य काढून दायित्वात दाखवावं लागतं, आणि त्या मुदतीपुरता जागा वापरण्याचा जो हक्क मिळाला तो मालमत्तेत. या दोन्ही ओळी एकाच करारातून निघतात. त्यात थकबाकी नाही आणि मालकीही नाही.

समजावण्याचे पर्याय

पहिला मार्ग म्हणजे 'या दोन ओळी सोडून द्या, ही कागदी नोंद आहे' असं सांगणं. बरेच दलाल तेच सांगतात. पण ते अर्धसत्य आहे. कंपनी खरंच बांधलेली असते आणि ते पैसे खरंच जायचे असतात.

दुसरा मार्ग म्हणजे अहवालातली लेखाधोरणांची टीप वाचून दाखवणं. तिथे सगळं बरोबर लिहिलेलं असतं. ती वाचून कोणाला काही कळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरा मार्ग मी निवडला. कंपनीचा अहवाल बाजूला ठेवला आणि काकांना त्यांच्या शाखेचा जुना करार घरून आणायला सांगितलं. हा पहिला निर्णयबिंदू. माणूस घाबरलेला असताना ३५५ कोटींवर बोलत बसण्यापेक्षा, ज्या कागदावर त्याची स्वतःची सही आहे तिथून सुरुवात करणं मला सोपं वाटलं.

करार समोर ठेवून

करार साठ महिन्यांचा होता. भाडं महिना एक लाख, पहिले छत्तीस महिने लॉक-इन, त्यानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन काका जागा सोडू शकत होते. मालकाला मात्र पाच वर्षं त्यांना बाहेर काढता येत नव्हतं.

काकांनी पहिलीच हरकत चांगली काढली. "अहो, हा भाडेपट्टा नव्हताच. लीव्ह अँड लायसन्स होतं. वकिलाने तेव्हाच बजावलं होतं, जागेवर तुमचा काही हक्क नाही म्हणून."

कायद्याच्या अंगाने वकील बरोबरच होता. लायसन्समध्ये जागेत हितसंबंध तयार होत नाही, आणि पागडीच्या भाडेकरूसारखी तिथे जागा धरूनही बसता येत नाही. लेखा मानक मात्र कराराचं शीर्षक पाहत नाही. ठराविक जागा आहे का, ठराविक मुदतीसाठी ती कशी वापरायची हे तुम्ही ठरवता का, आणि त्याचा मोबदला देता का, ढोबळमानाने एवढंच ते विचारतं. तीनही उत्तरं होकारार्थी असली की हिशेबापुरता तो भाडेपट्टा. पण मालकी नसल्यामुळे 'वापर-हक्क मालमत्ता' सहसा बाजारात विकता येत नाही, कोणी विकत घेणारही नाही. ती त्याच कंपनीला, त्याच मुदतीपुरती उपयोगाची. "म्हणजे ३१० कोटी विकून देणं फेडता येणार नाही," काका म्हणाले. बरोबर, ते तारण नव्हेच.

मग मुदत किती धरायची? मी त्यांनाच विचारलं: तीन वर्षांनी सोडता येत होतं, मग तेव्हा तुमच्या मनात किती वर्षं होती?

"पाचच. नऊ लाखांचं फर्निचर केलं होतं, काच, लाइट, सगळं. तीन वर्षांत सोडायला वेड लागलंय का?"

मानकाला अपेक्षित असलेला विचार हाच. सुटण्याचा पर्याय हाती असला तरी तो वापरला जाणार नाही हे वाजवी खात्रीने दिसत असेल, तर ती वर्षंही मुदतीत धरायची. सजावटीवर केलेला खर्च हे त्या खात्रीचं एक कारण. कंपनीचं व्यवस्थापन शेकडो दुकानांसाठी हाच निर्णय घेतं, आणि ३५५ चा आकडा त्यावर बराच हलतो. सगळीकडे फक्त लॉक-इन धरलं तर तो लहान दिसेल, पूर्ण मुदत धरली तर मोठा.

मग आम्ही शाखेचा हिशेब कंपनीसारखा मांडला. सोपं जावं म्हणून वर्षाचं १२ लाख भाडं वर्षाअखेर एकदम दिलं असं धरलं. प्रत्यक्षात हिशेब महिन्याचा असतो आणि दरवर्षीची ठरलेली वाढही त्यात धरतात. तेव्हा बँकेने काकांना साधारण ९ टक्क्यांनी कर्ज दिलं असतं, म्हणून वटावाचा, म्हणजे पुढे द्यायची रक्कम आजच्या मूल्यात आणण्याचा, दर ९ टक्के. पाच वर्षांचं एकूण भाडं ६० लाख, पण त्याचं आजचं मूल्य ४६.६८ लाख. पहिल्या दिवशी दायित्वही तेवढंच, मालमत्ताही तेवढीच.

पुढे दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. मालमत्तेवर दरवर्षी सारखा घसारा, म्हणजे ९.३४ लाख. दायित्वावर ९ टक्के व्याज चढतं आणि त्यातून १२ लाख भाडं वजा होतं, अगदी गृहकर्जाच्या हप्त्यासारखं. सुरुवातीला हप्त्यात व्याज जास्त, मुद्दल कमी.

| वर्ष | वर्षाअखेर दायित्व (लाख) | वर्षाअखेर मालमत्ता (लाख) | नफा-तोट्यातला खर्च: घसारा + व्याज (लाख) |
|---|---|---|---|
| १ | ३८.८८ | ३७.३४ | १३.५४ |
| २ | ३०.३८ | २८.०१ | १२.८३ |
| ३ | २१.११ | १८.६७ | १२.०७ |
| ४ | ११.०१ | ९.३४ | ११.२४ |
| ५ | ० | ० | १०.३३ |

खर्चाची बेरीज ६० लाखच येते, दशांशातली कसर सोडली तर. भाडं वाढलं नाही की घटलं नाही. फक्त खर्च पहिल्या वर्षांत जास्त आणि शेवटी कमी दिसू लागला.

काकांची पेन्सिल दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांमधून खाली गेली. मधल्या प्रत्येक वर्षी दायित्व मालमत्तेपेक्षा मोठं. "मग ४५ कोटींचा खड्डा हाच?" हाच. नवीजुनी शेकडो दुकानं एकत्र केली की असा फरक राहतोच, आणि त्यावरून कंपनीची तब्येत ठरवता येत नाही. फरक एकाएकी रुंदावला तर मात्र टिपांमध्ये जाऊन पाहावं. दुकानं चालत नसल्यामुळे वापर-हक्काचं मूल्य खाली उतरवलं असेल तर मालमत्ता घटते, पण दायित्व तसंच राहतं. या कंपनीच्या टिपांत तसं काही नव्हतं.

भीती गेली, मोह आला

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं, आणि काकांचं मत पार उलटलं. खड्डा नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. दलालाच्या माणसाने हिशेब करून दिला होता: कंपनीचं बाजारमूल्य २,१०० कोटी, व्याज-घसारा-करपूर्व नफा, म्हणजे एबिटडा, २६० कोटी. सुमारे आठ पट. दुसरी एक पादत्राणांचीच साखळी कंपनी तेरा पटीने चालली होती. "म्हणजे ही स्वस्त. विकायची कसली, आणखी घेतो."

हा दुसरा निर्णयबिंदू, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा धोक्याचा. भीतीपोटी विकलं असतं तर फार तर संधी गेली असती. इथे उरलेली पुंजी चुकीच्या तुलनेवर लागणार होती.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्याकडे मी त्यांना पुन्हा नेलं. तिथे भाडं नावाचा खर्चच नाही. त्याची जागा घसारा आणि व्याजाने घेतली आहे. आणि एबिटडा म्हणजे नेमकं या दोन्हींच्या आधीचा नफा. म्हणजे २६० कोटींत दुकानांचं बहुतेक भाडं वजा झालेलंच नव्हतं. शाखेचं उदाहरण घ्या: भाड्याआधी वर्षाला २० लाख उरत असतील तर जुन्या पद्धतीने तो आकडा ८ लाख दिसला असता, नव्या पद्धतीने २०. गल्ल्यात मात्र तेवढेच पैसे.

मग कंपनीने खरं भाडं किती दिलं? ते रोख प्रवाह पत्रकात सापडतं, 'वित्तपुरवठ्याशी संबंधित' या भागात. काकांनी तो भाग वाचला नव्हता, कारण तिथे बँकेचं कर्ज आणि लाभांश असतो असा त्यांचा समज होता. तिथे दोन ओळी होत्या: भाडेपट्टा दायित्वाची परतफेड ६६ कोटी, त्यावरील व्याज ३२ कोटी. म्हणजे ९८ कोटी. दुकान चालवण्यातून आलेली रोख त्याच पत्रकात वरच्या भागात १९० कोटी दाखवली होती, आणि ती भाडं जाण्याआधीची होती. भाडं गेल्यावर उरले ९२. नव्या दुकानांवर आणि सजावटीवर खर्च झाला होता ८५. काका बराच वेळ त्या ९२ कडे पाहत होते. ३५५ च्या आकड्याने घाबरलेला माणूस या आकड्याने गंभीर झाला, आणि ते योग्यच होतं.

मोजण्याचे दोन रस्ते

भाड्याला कर्ज मानायचं की खर्च, हे आता ठरवायचं होतं. दोन्ही चालतं, पण भागाकारात वर आणि खाली एकच भूमिका ठेवावी लागते.

कर्ज मानलं तर बाजारमूल्यात बँकेचे ४० आणि भाडेपट्ट्याचे ३५५ मिळवायचे. बेरीज २,४९५ कोटी. तिला २६० ने भागलं की साधारण ९.६ पट. खर्च मानलं तर दायित्व धरायचं नाही, पण २६० मधून दिलेलं ९८ कोटी भाडं वजा करायचं. उरले १६२. बँकेच्या कर्जासह २,१४० भागिले १६२, म्हणजे १३ पटीच्या थोडं वर. दलालाच्या कागदावर दायित्वही मिळवलं नव्हतं आणि भाडंही वजा केलं नव्हतं, म्हणून आठ आले.

आणि ती तेरा पटीची दुसरी कंपनी? तिच्या अहवालात भाडेपट्टा दायित्व अगदीच लहान होतं. कारण टिपांत लिहिलं होतं: तिची बहुतेक दुकानं मॉलमध्ये होती आणि भाडं विक्रीच्या टक्केवारीवर ठरत होतं. विक्रीवर अवलंबून असलेलं बदलतं भाडं दायित्वात धरत नाहीत; ते त्या-त्या वर्षी सरळ खर्ची पडतं. बारा महिन्यांपर्यंतच्या करारांनाही कंपनी अशीच सूट घेऊ शकते. त्यामुळे त्या कंपनीचा एबिटडा भाडं वजा जाता होता. भाडं खर्च मानून मोजलं तर दोन्ही कंपन्या साधारण तेरा पटीला. स्वस्ताईचा दावा संपला.

दोघींतला खरा फरक वेगळ्याच ठिकाणी होता. मंदी आली तर टक्केवारीवर भाडं देणारीचं भाडं विक्रीबरोबर खाली येतं. काकांच्या कंपनीचं येत नाही. टिपांमधल्या मुदतनिहाय तक्त्यात वटाव न केलेल्या रकमा होत्या: एका वर्षाच्या आत १०२ कोटी, एक ते पाच वर्षांत २८०, त्यापुढे ७५. या दोन ओळींमागची बांधिलकी साध्या रुपयांत पाहायची असेल तर अख्ख्या अहवालात या तक्त्याइतकी उपयोगी दुसरी जागा मला माहीत नाही. तो वाचायला वटाव कळावा लागत नाही. यंदा किती जाणार हे दुकानदाराला लगेच दिसतं.

जाता जाता काकांनीच एक गोष्ट हेरली. 'इतर उत्पन्ना'त 'भाडेपट्टे संपुष्टात आणल्यावरील नफा' म्हणून ६ कोटी होते. "दुकान बंद केलं तर नफा कसा?" उत्तर तक्त्यातच होतं. तिसऱ्या वर्षाअखेर शाखा बंद केली असती तर २१.११ लाखांचं दायित्व पुसलं जातं आणि १८.६७ लाखांची मालमत्ताही, २.४४ लाखांचा फरक नफा म्हणून दिसतो. रोख काहीच येत नाही. हा नफा म्हणजे आधीच्या वर्षांत भाड्यापेक्षा जास्त खर्ची पडलेली रक्कम परत फिरते. आम्ही ते ६ कोटी नफ्यातून बाजूला काढले, आणि ती दुकानं का बंद झाली हा प्रश्न वेगळा लिहून ठेवला.

निष्पत्ती

काकांनी शेअर्स विकले नाहीत आणि नवे घेतलेही नाहीत. उरलेली रक्कम मुदत ठेवीत राहिली. त्यांच्या वहीत आता या कंपनीसाठी दरवर्षी चार आकडे लिहिले जातात: दुकान चालवण्यातून आलेली रोख, भाडेपट्ट्यापोटी गेलेली रोख (मुद्दल आणि व्याज मिळून), नफा-तोट्यात सरळ पडलेलं अल्पमुदतीचं आणि बदलतं भाडं, आणि मुदतनिहाय तक्त्यातली पहिली रक्कम. पुढच्या वर्षी भाड्याची रोख विक्रीपेक्षा वेगाने वाढली तर अर्धे शेअर्स काढायचे, असं त्यांनी ठरवलंय. वार्षिक सभेसाठी त्यांनी एक प्रश्नही लेखी पाठवला: किती दुकानांचा लॉक-इन पुढच्या बारा महिन्यांत संपतो? असा प्रश्न भाड्याच्या जागेत दुकान चालवलेल्या माणसालाच सुचतो.

वेगळं काय करता आलं असतं

ताळेबंदापासून सुरुवात केली ती काकांचे गोल तिथे होते म्हणून. दुसरा कोणी आला तर रोख प्रवाह पत्रक आधी उघडणं जास्त सरळ पडेल: ९८ कोटी दिले, मग हे पैसे कोणत्या करारांपोटी, आणि पुढे किती द्यायचे आहेत. त्या वाटेने दायित्वापर्यंत गेलं की थकबाकीचा संशय यायला जागाच उरत नाही.

वटावाचा दर आम्ही ९ टक्के धरून पुढे गेलो. कंपनीने कोणता दर वापरला ते टिपांत दिलेलं होतं. तो शेजारी लिहून एकदा १२ टक्क्यांनीही हिशेब करून पाहता आला असता. १२ टक्क्यांनी शाखेचं दायित्व ४६.६८ ऐवजी ४३.२६ लाख येतं. भाडं तेच, करार तोच, आकडा मात्र सुमारे सात टक्क्यांनी लहान. दोन कंपन्यांची दायित्वं शेजारी ठेवताना हे माहीत असलेलं बरं.

अनुवादित प्रतीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की तफावत असल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य. इंग्रजी प्रत संकेतस्थळावर होती, आणि 'भाडे देणी' ची टीप तिच्याशी जुळवायला पाचच मिनिटं लागली. रक्कम एकच निघाली. काकांनी दोन्ही पानांचे क्रमांक देऊन कंपनी सचिवांना पत्र टाकलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.